स्पीड टेस्ट: वायफायवर की केबलवर?

माझं कनेक्शन 200 एमबीपीएसचं. बेडरूममधून मोबाइलवर टेस्ट केली की कधी 60, कधी 110. आकडा खोटा नाही, पण त्यात भिंती, शेजाऱ्यांचं वायफाय आणि मोबाइलही आला. तो दाखवून कंपनीकडे तक्रार टिकत नाही.

केबलवर हे सगळं बाजूला होतं. राउटरच्या लॅन पोर्टमधून थेट लॅपटॉपला केबल, लॅपटॉपचं वायफाय आणि व्हीपीएन बंद, टीव्ही-मोबाइल नेटवरून काढलेले. क्लाउड बॅकअप आणि विंडोज अपडेटही थांबवा, ते गुपचूप चालू असतात.

पण केबलही फसवते. मला तीनदा 94च आला. आकडा इतका हलेनासा झाला की आधी केबल आणि पोर्ट तपासायचे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड `100/100 (Mbps)` दिसत होता. म्हणजे 100 च्या वर जाणं शक्यच नव्हतं. त्यापुढच्या गिगाबिट वेगाला केबलमधल्या आठही तारा लागतात, माझ्या जुन्या केबलच्या चारच जोडलेल्या होत्या. केबल बदलली आणि 192 मिळाला.

मग तीन दिवस सकाळी 6, दुपारी 3 आणि रात्री 9:30 ला, दरवेळी तोच सर्व्हर निवडून तीन टेस्ट घेतल्या आणि मधला आकडा लिहिला. सकाळी 190 च्या आसपास, रात्री रोज 70 च्या खाली. केबल तीच, लॅपटॉप तोच, म्हणजे ही घट घराबाहेरच्या गर्दीची. तक्रारीसोबत हाच तक्ता जोडला.

केबलवर रात्रीही 190 आला असता, तर मात्र मी आधी राउटरची जागा बदलली असती.