पावसाळाभर रनफ्लॅट टायर वापरल्यावर

गाडी रत्नागिरीची, फिरणं सगळं कोकणातलं. रनफ्लॅट म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर. आधी तक्रार सांगतो: जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर हे टायर फार कडक लागतात, मागे बसलेल्याची कंबर बोलते. साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, जाड, उष्णता सोसणारं रबर भरलेलं असतं, त्याचा हा परिणाम. शिवाय डिकीत स्टेपनी नाही.

आता कामाची गोष्ट. सावंतवाडीहून निघताना चारही टायर गार होते आणि स्क्रीनवर ३३ पीएसआय दाखवत होते. कणकवली गाठेपर्यंत तिघांचे आकडे ३६ वर गेले, मागचा डावा मात्र ३३ वरच. आकडा बरोबर वाटतो, पण तापलेल्या टायरचा दाब दोन-तीन पीएसआय वाढायलाच हवा. जो वाढत नाही, त्यातून हवा जातेय. खारेपाटणला तो २९ झाला. हवा कमी असल्याचा दिवा पेटला तो २६ ला, राजापूरच्या अलीकडे, कारण दाब साधारण पाव भाग उतरल्याशिवाय इशारा येत नाही. राजापूर सोडलं आणि आकडा शून्यावर आला.

गाडी हलली नाही, ओढलीही नाही. "कुठे काय झालंय?" असं बायकोने विचारलं. साध्या टायरची साइडवॉल अशा वेळी दुमडते आणि रिमखाली चिरडते. इथे भार तीच पेलते. पण प्रत्येक फेऱ्याला ती वाकते आणि तापते, म्हणून ताशी ८० च्या आत ८० किलोमीटर ही मर्यादा. रत्नागिरी साठ-पासष्ट किलोमीटर उरली होती. गाडीत चार माणसं, सामान आणि पुढे चढ, म्हणजे वाकणं जास्त. म्हणून ५० च्या वर गेलो नाही आणि लांज्यात थांबून बघितलं. जळक्या रबराचा वास किंवा थरथर जाणवली असती, तर तिथेच मुक्काम केला असता.

दुसऱ्या दिवशी टायर उतरवला. बाहेरून नवा दिसत होता, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात एक स्क्रू घुसलेला. आत मात्र काळ्या रबराचा चुरा पडला होता आणि साइडवॉलवर गोल सुरकुती उमटली होती. टायरवाले काका म्हणाले, "भोक दोन मिनटांचं काम, पण ह्यो आता परत नको." पंक्चर काढून उपयोग नव्हता, टायर बदलला. बीड, म्हणजे रिमला घट्ट धरणारी टायरची कड, कडक असल्यामुळे उतरवायला मशीन लागतं, रस्त्याकडेच्या पहारीने होत नाही. आमच्या मापाचा टायर कोल्हापूरहून मागवावा लागला.

नवीन टायर बसवल्यावर स्क्रीनवर जुनाच आकडा होता. गाडी उभी असली की चाकातला दाब मोजणारा सेन्सर झोपतो. थोडं चालवल्यावर ३३ आला.

मेव्हण्याच्या गाडीत चाकात सेन्सरच नाहीत, ब्रेकची एबीएस यंत्रणाच चाकांच्या वेगातला फरक पाहून दिवा लावते. आकडा नाही, त्यामुळे कणकवलीची ती खूण त्याला मिळालीच नसती. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले, तर तो दिवा बहुधा पेटतही नाही. अशा गाडीला महिन्यातून एकदा सकाळी, टायर गार असताना, गेज लावूनच हवा बघावी.