विषयांची यादी: पातळीनुसार की एकाच विषयाला अनेक वाटा?

बडोद्यात सातवीच्या वर्गाला प्रकल्पासाठी द्यायच्या विषयांची यादी मी दोन्ही प्रकारे केली आहे.

पहिल्या यादीत सोपे, मध्यम, कठीण असे तीन गट होते. ती तासाभरात तयार होते, पण मुलं गट लगेच ओळखतात. ‘सोप्या’ गटात चित्रं चिकटवणंच उरलं आणि तो गट घेणाऱ्यांनी प्रश्न विचारणंच सोडलं. मला ते फार लागलं.

दुसऱ्या यादीत विषय एकच, विश्वामित्री नदी, पण वाटा तीन. कुणी आजी-आजोबांना जुन्या पुराबद्दल विचारून लिहिलं, कुणी पावसाची रोजची नोंद ठेवून आलेख काढला, तर कुणी नदीतल्या मगरी शहरात कशा टिकतात याची कारणं मांडली. गुण मात्र सगळ्यांना एकाच कसोटीवर: प्रश्न स्पष्ट आहे का, माहिती स्वतः मिळवली का, निष्कर्ष तिच्यातून निघतो का.

या यादीला तयारी जास्त लागते. प्रत्येक वाट घरच्या खर्चाशिवाय, इंटरनेटशिवाय जमते का, हे आधी तपासावं लागतं. शिवाय ‘आधी येईल त्याला’ ठेवलं तर चुणचुणीत मुलंच निवडून घेतात; म्हणून प्रत्येकाकडून तीन पसंती चिठ्ठीवर घ्याव्यात. हुशार मुलं सगळी एकाच वाटेवर गेली, तर बाकीच्या वाटा पुन्हा लिहायला घ्याव्यात.

मी दुसरीच यादी वापरते.