गॅपच्या तारखा सरकवायच्या की गॅप सांगायचा?

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. त्याआधी नऊ वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात टाइम ऑफिसला होतो, त्यामुळे बायोडाटा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेत. महिन्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतंच, "तेवढ्या तारखा सरकवा की ओ, कोण बघतंय?" मी नाही म्हणतो. काही जण रागावून शेजारच्या दुकानात जातात. जे थांबतात, त्यांच्यासमोर मी बाकीचे मार्ग मांडतो. गेल्या महिन्यात आलेल्या एका ताईंची केस धरून तेच इथे लिहितो.

त्या अकाउंट्समधल्या. पहिली नोकरी ३० जून २०२२ ला सुटली, दुसरी ४ सप्टेंबर २०२३ ला लागली. मधल्या चौदा महिन्यांत सासरे अंथरुणाला खिळलेले, घरात बघायला दुसरं कोणी नाही. आता पुण्याच्या एका कंपनीत अर्ज करायचा होता. त्यांचा हिशोब सोपा होता: पहिली नोकरी फेब्रुवारी २०२३ पर्यंत ओढायची, दुसरी मार्चपासून दाखवायची, म्हणजे गॅप गायब.

तारखा सरकवणं

यात खोटं आहे ते आहेच, पण व्यवहार म्हणूनही हा सौदा वाईट आहे. दोन्ही नोकऱ्यांच्या पगारातून पीएफ कापला जात होता. पीएफच्या पासबुकात कोणत्या महिन्याच्या पगारावर पैसे भरले ते ओळीओळीने दिसतं. त्यांच्या पासबुकात जून २०२२ नंतरची ओळ थेट सप्टेंबर २०२३ ची. नव्या कंपनीला पीएफचा यूएएन नंबर द्यावाच लागतो आणि पडताळणी करणारी एजन्सी बहुतेकदा पासबुक किंवा सर्व्हिस हिस्टरी मागतेच. शिवाय ती जुन्या कंपनीला मेल टाकून रुजू झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख, हुद्दा आणि सोडण्याचं कारण विचारते. मी असे मेल कितीतरी वाचलेत. उत्तर द्यायला रजिस्टर उघडलं की पाच मिनिटं लागतात.

म्हणजे दोन ओळी बदलून भागत नाही. रिलिव्हिंग लेटर नवीन करावं लागतं, आठ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा बनवाव्या लागतात आणि पासबुक तर बदलताच येत नाही.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे वेळ. पडताळणी बऱ्याचदा रुजू झाल्यावर पूर्ण होते. तोवर सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊन झालेला असतो, पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरलेलं असतं. ऑफर लेटरात खोटी माहिती आढळल्यास नोकरी संपवण्याचं कलम सहसा असतंच. गॅप सांगितल्यावर फार तर एक मुलाखत हातची जाते. इथे दोन्ही नोकऱ्या एकदम जातात.

फक्त वर्षं लिहिणं

महिने काढून '२०१९–२०२२' आणि '२०२३ पासून' असं लिहिलं की गॅप डोळ्यात भरत नाही, आणि खोटंही काही लिहिलेलं नसतं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांसाठी मी स्वतः असंच लिहितो. ताज्या गॅपसाठी मात्र हा अर्धा मार्ग आहे, कारण कंपनीच्या अर्जात महिना-वर्षाचे रकाने असतात. तिथे खरे महिने भरायची तयारी असेल तर हरकत नाही. वाचणाऱ्याला मात्र कळतंच की महिने मुद्दाम गाळलेत, आणि तो प्रश्न विचारायच्या तयारीने बसतो.

गॅपची एक ओळ लिहिणं

मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. नोकऱ्यांच्या क्रमातच, त्याच टायपात, एक ओळ:

जुलै २०२२ – ऑगस्ट २०२३ : कुटुंबातील आजारी व्यक्तीच्या देखभालीसाठी विराम. ही जबाबदारी आता संपली आहे.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नोकरीवर घेणाऱ्याला सासऱ्यांच्या आजाराचं नाव नको असतं, तुम्ही पुन्हा मध्येच जाणार का एवढंच त्याला बघायचं असतं. स्वतःचं आजारपण असेल तरी 'आरोग्याच्या कारणाने विराम, आता कामासाठी तंदुरुस्त' इतकं पुरतं, अर्थात तसं असेल तर. फाइल उघडून दाखवायची गरज नाही. कामावरून कमी केलं असेल तर बायोडाटात कारण लिहू नका, पण विचारल्यावर फिरवूही नका, कारण जुन्या कंपनीच्या मेलमध्ये ते येऊ शकतं.

मधल्या काळातलं छोटं काम दाखवणं

हे बोलता बोलता निघालं. त्या घरी बसून नवी पेठेतल्या तीन दुकानदारांच्या टॅलीतल्या नोंदी करत होत्या, जीएसटीआर-१ आणि ३बी भरत होत्या. "ते काय काम म्हणायचं? संध्याकाळी दोन तास बसायचे," असं त्यांचं म्हणणं. काम आहेच, पण जेवढं आहे तेवढंच लिहायचं. 'अकाउंटंट, पूर्णवेळ' लिहिलं तर फिरून तारखा सरकवण्यावरच आलो. आम्ही लिहिलं: 'अर्धवेळ, स्वतंत्रपणे, तीन किरकोळ दुकानांचे हिशोब व जीएसटी रिटर्न.' पुरावा म्हणून बँक पासबुकात दरमहा आलेले पैसे होते. एका दुकानदाराने आपला नंबर द्यायला होकार दिला, बाकी दोघांनी नाही म्हटलं, तर एकच नंबर दिला.

इथे एक सोलापुरी पळवाट सांगतो. काकांचं दुकान असतं, काका लेटरहेडवर 'चौदा महिने आमच्याकडे कामाला होते' असं लिहून देतात. काम खरंच केलं असेल तर चालेल. नसेल तर मुलाखतीत 'जीएसटीआर-२बी जुळवताना पुरवठादाराचं बिल दिसलं नाही तर काय करायचात?' एवढ्या एका प्रश्नाला लेटरहेड उत्तर देत नाही.

मुलाखतीपर्यंत गप्प राहणं

दोन-तीन महिन्यांचा गॅप असेल तर मीही काही लिहीत नाही. तारखा खऱ्या असल्या की पुरे. चौदा महिन्यांवर गप्प बसलं तर चाळणी लावणारा स्वतःच्या मनाने कारण ठरवतो, आणि ते क्वचितच तुमच्या बाजूचं असतं.

ताईंनी तिसरा आणि चौथा मार्ग एकत्र घेतला. एकाच कालावधीत दोन ओळी, आधी देखभाल, खाली अर्धवेळ काम. प्रिंट काढण्याआधी मी त्यांना पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडायला लावली, आणि तिथे उलटाच घोळ निघाला. पहिल्या कंपनीने सुटल्याची तारीख भरलीच नव्हती, म्हणजे कागदोपत्री त्या अजून दोन्हीकडे कामाला. असं दिसलं की पडताळणीवाले दुहेरी नोकरीची शंका काढतात, बायोडाटा अगदी खरा असला तरी. शेवटचा हप्ता पडून दोन महिने उलटले असतील तर Manage मध्ये Mark Exit वर जाऊन ही तारीख सभासदाला स्वतः भरता येते, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली द्यावी लागते. आम्ही ३० जून २०२२ टाकली, रिलिव्हिंग लेटरशी जुळवून बघितली. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर गेला, नवरा ड्युटीवर. मग चहा सांगितला आणि त्याच्या फोनची वाट बघत बसलो.