गरम बॉनेटवर हात ठेवूनही मला कळलं नाही

गेल्या जानेवारीत मी एका एजंटकडून २०१४ सालची पेट्रोल सेदान घेतली. मीटरवर ७८ हजार किलोमीटर होते आणि सौदा तीन लाख ऐंशी हजारांवर ठरला. घेतल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी मला कळलं की गाडीचं खरं रूप माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. ते कसं लपवलं, हे इथे सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन तापवून ठेवायची ही युक्ती गाड्यांच्या बाजारात रोज वापरली जाते आणि ती ओळखायला पैसे लागत नाहीत.

एजंटने मला सकाळी अकराची वेळ दिली होती. मी पोहोचलो तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती. बॉनेट उघडायला हात लावला तर ते चांगलंच गरम लागलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आत्ताच वॉशिंगवरून आणली, साहेब." मला ते पटलं. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं, आयडलिंग एकसारखं होतं, सायलेन्सरमधून धूर नव्हता. रिंग रोडवर दहा-बारा किलोमीटर चालवली, कुठे काही खटकलं नाही. दुपारी विसार दिला आणि संध्याकाळी उरलेली रक्कम देऊन गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नाशिकमध्ये कडाक्याची थंडी होती. सेल्फ मारला आणि बॉनेटखालून खडखडाट ऐकू आला, पत्र्याच्या डब्यात साखळी हलवल्यासारखा. तो चार-पाच सेकंद टिकला. तेवढा वेळ ऑइलचा लाल दिवाही लागलेला होता, मग दोन्ही एकदमच थांबले. आरशात पाहिलं तर मागे निळसर धुराचा लोट. काटा ६०० ते ११०० आरपीएममध्ये वरखाली होत होता आणि गाडी जागच्या जागी थरथरत होती. दहा मिनिटांनी सगळं शांत झालं आणि गाडी पुन्हा कालच्यासारखी चालू लागली. तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला.

आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून घेतली आणि सकाळी स्वतः सुरू केली. नंतर त्यांनी मला एकेक गोष्ट समजावून सांगितली.

आधी खडखडाट. या इंजिनात टायमिंग चेन असते आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी ते पुन्हा वर पोहोचेपर्यंत टेन्शनरला पुरता जोर नसतो. चेन नवी असेल तर तेवढ्या वेळात काही बिघडत नाही. ती झिजून लांबलेली असेल, तर मात्र कव्हरवर आपटते. गरम इंजिनात ऑइल वरच असतं, म्हणून आवाजच येत नाही. त्यात एजंटने या गाडीत कंपनीने सांगितलेल्या पातळ ऑइलऐवजी जाड ऑइल भरलं होतं. जाड ऑइल गरम असताना आवाज आणि धूर दोन्ही दाबतं, पण थंडीत ते काकवीसारखं हळू चढतं. माझ्याकडे लाल दिवा चार-पाच सेकंद राहिला तो त्यामुळे. चांगल्या इंजिनात तो एक-दोन सेकंदांत विझतो.

मिस्त्रींनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, तीही लिहितो. सकाळी एखाद-दुसरा सेकंद खडखड झाली म्हणजे चेन गेलीच असं नाही. हलक्या प्रतीच्या ऑइल फिल्टरमधून रात्रीत ऑइल मागे उतरत असेल तरी असा आवाज येतो, आणि तो दोष काही शे रुपयांत जातो. माझ्या बाबतीत स्कॅनरवर P0016 हा कोड आला. ही चेन ज्यांना जोडते त्या क्रँक आणि कॅम या दोन शाफ्टांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. चेन लांबली असणार असा अंदाज त्यावरून आला आणि कव्हर उघडल्यावर तो खरा ठरला.

त्याच स्कॅनरवर आणखी एक आकडा दिसला आणि तो पाहून मला फार वाईट वाटलं. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, याची नोंद बऱ्याच गाड्यांत असते. माझ्या गाडीत ती ९४ किलोमीटर होती. त्यातले बहुतेक मीच चालवले होते. म्हणजे मी बघायला जाण्याच्या जरा आधी कोणीतरी कोड पुसून दिवा घालवला होता. चावी फिरवल्यावर दिवा लागून विझला की आपण निर्धास्त होतो. पण कोड ताजे पुसले असतील तर दोष पुन्हा पकडेपर्यंत दिवा गप्पच राहतो.

धुराबद्दल मी सर्वांत जास्त घाबरलो होतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढं ऐकून होतो, आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या तर इंजिन उतरवावं लागणार. मिस्त्री म्हणाले, धूर कधी येतो ते बघा. सुरू करताना एक लोट येऊन मिनिटभरात थांबला, तर बहुधा व्हॉल्व सील कडक झालेली असतात. रात्रभर त्यातून ऑइल थेंब थेंब आत झिरपतं आणि सकाळी जळतं. चढावर किंवा रेस दिल्यावर धूर येतच राहिला तर संशय रिंगांवर. त्यांनी कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे आणि चांगले निघाले. रिंगा वाचल्या होत्या. थंडीत दिसणाऱ्या पांढऱ्या वाफेला मात्र घाबरू नका, ती सायलेन्सरमधल्या पाण्याची असते आणि इंजिन तापलं की जाते. ती गेलीच नाही, गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासायला हवं.

काटा वरखाली होण्याचं कारण साधं निघालं. इनटेकची एक रबरी नळी चिरली होती आणि तिथून जास्तीची हवा आत जात होती. थंड असताना ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, ठरलेल्या मापाने पेट्रोल सोडतो, त्याला ही हवा कळत नाही. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर तापला की त्याच्यावरून ईसीयू चूक ओळखून पेट्रोल वाढवतो आणि आयडलिंग ठीक होतं. निरोगी गाडी थंडीत १२०० च्या आसपास सुरू होते आणि तापेल तशी एकसारखी खाली येत ७००-८०० वर थांबते.

चेनचा पूर्ण संच, सील, नळी, ऑइल आणि मजुरी मिळून ४१ हजार गेले. एजंटने दोनदा फोन उचलला. "जुनी गाडी आहे, जशी आहे तशी घेतली तुम्ही" एवढंच म्हणाला. लेखी काही नव्हतं, त्यामुळे मला पुढे काही करता आलं नाही.

या दिवाळीत बहिणीसाठी गाडी बघायची होती. मालकाला आदल्या संध्याकाळी सांगितलं, आम्ही सातला येतो, तोवर सुरू करू नका. गेल्यावर मी आधी बॉनेटवर आणि मग रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. बॉनेट पाण्याने गार करता येतं, होज आतून गरमच राहते. ती गरम होती. मालक म्हणाले, "तुम्हाला थांबायला नको म्हणून जरा चालू केली." शक्य आहे, त्यांचा हेतू चांगलाही असेल. मी म्हटलं, "काका, हरकत नाही, उद्या पुन्हा येतो, फक्त रात्री चावी आमच्यासमोर घरात ठेवा." ते नको म्हणाले. बहिणीला गाडीचा रंग फार आवडला होता, पण आम्ही तिथून परत आलो.