बोनसचे परिपत्रक कामगारांना मराठीत सांगताना: सलग गोषवारा की तक्ता?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंग्रजी परिपत्रक आले की टाइम ऑफिसमध्ये ते मराठीत उतरवण्याचे दोन मार्ग असतात: दहा ओळींचा सलग गोषवारा लिहायचा, किंवा कोणाला, किती, कधीपासून आणि कधीपर्यंत अशा चार रकान्यांचा तक्ता करायचा. दोन्हींची पारख करण्यासाठी बोनस कायद्याची २०१५ ची दुरुस्ती घेऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाल्यामुळे ती आता जुनी झाली आहे, पण तिच्यात दोन रकमा शेजारी शेजारी असल्याने नेमके काय निसटते ते स्पष्ट दिसते.

सलग गोषवाऱ्यात सहसा असे वाक्य येते: "आता २१,००० रुपयांपेक्षा कमी पगार असलेल्यांना ७,००० रुपयांवर बोनस मिळेल." वाचायला हे सोपे आहे, पण त्यात तीन गोष्टी बिघडल्या आहेत. मूळ मर्यादा २१,००० रुपयांपर्यंत अशी होती, म्हणजे बरोबर २१,००० रुपये असणारा कामगारही पात्र होता. हा पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज. शिवाय हिशेब ७,००० रुपये किंवा त्या उद्योगाचे किमान वेतन, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर करायचा होता, आणि हा शेवटचा तुकडाच सर्वात आधी गळतो.

मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये घेणारा, वर्षभर काम केलेला मोल्डर घ्या आणि किमान वेतन ११,५०० रुपये धरा. किमान दर ८.३३ टक्के असल्याने ७,००० रुपयांवर वर्षाचा बोनस ६,९९७ रुपये होतो आणि ११,५०० रुपयांवर ११,४९५. एक तुकडा गळाल्याने कामगाराच्या समजुतीत साडेचार हजारांचा फरक पडतो. उलट कोणी १८,००० रुपयांवरच हिशेब मांडला, तर १७,९९३ रुपयांची अपेक्षा धरून तो पगारपत्रक घेऊन भांडायला येईल.

तक्त्यात पात्रतेची रक्कम आणि हिशेबाची रक्कम वेगळ्या ओळींत बसतात, म्हणून त्यांची सरमिसळ होत नाही. तारखांचेही तसेच आहे. कायदा झाला २०१५ च्या अखेरीस, पण लागू धरला गेला १ एप्रिल २०१४ पासून. "कधीपासून" हा रकाना भरताना लिहिणाऱ्याला ही दुसरी तारीख शोधावीच लागते. "हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत" असे न लिहिता, ३१ मार्चला वर्ष संपणाऱ्या कारखान्यासाठी सरळ "३० नोव्हेंबरपर्यंत" लिहावे.

तक्त्याची उणीव अशी की कारण आणि अपवाद त्यात मावत नाहीत, आणि शिफ्ट बदलताना तो मोठ्याने वाचून दाखवता येत नाही. म्हणून फलकावर तक्ताच लावावा, त्याखाली वरच्यासारखे एक सोडवलेले उदाहरण द्यावे, आणि गोषवारा फक्त तोंडी सांगण्यासाठी, तोही तक्ता पूर्ण झाल्यावर त्यातूनच लिहावा. लावण्यापूर्वी मूळ इंग्रजी मजकुरातील प्रत्येक आकड्याला पेन्सिलने गोल करून तो मराठीत सापडतो का, हे दुसऱ्या माणसाने तपासावे.