‘एडिटेड’ दिसतं, पण आधीचं काय होतं ते? आठ महिने वापरून आलेला अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मदतीच्या एका आवाहनात मी ओळखीच्या एका माणसाचा मोबाइल नंबर टाकला. त्याला न विचारता टाकला, म्हणजे चूक माझीच. तासाभरात त्याचा फोन आला, “अरे, आधी माझा नंबर काढ तिथून.” मी पोस्ट उघडली, नंबरच्या जागी ‘इनबॉक्समध्ये विचारा’ असं लिहिलं आणि सेव्ह केलं. खाली बारीक अक्षरात ‘Edited’ आलं आणि मी निश्चिंत झालो.

रात्री पुन्हा फोन. अनोळखी लोकांचे कॉल थांबले नव्हते. त्याच्या पुतण्यानं त्याला दाखवलं होतं, की बदलाचा इतिहास उघडला की पहिला मजकूर जसाच्या तसा दिसतो, नंबरासकट. माझी दुरुस्ती पोस्टवर होती आणि मूळ मजकूर तिच्या मागे उभा होता. शेवटी अख्खी पोस्ट डिलीट करून नवी टाकावी लागली. तिच्याबरोबर सगळ्या कमेंट गेल्या, त्यातले मदत करू म्हणणारेही गेले.

त्या दिवसापासून ‘Edited’ हा शब्द दिसला की मी त्यावर बोट ठेवून पाहतो. एवढे महिने हा चाळा केल्यावर एक गोष्ट पक्की कळली. लेबल आणि इतिहास या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि एक असली म्हणजे दुसरी असेलच असं नाही. लेबल फक्त सांगतं की काहीतरी बदललंय. काय बदललं, कितीदा बदललं, स्वल्पविराम टाकला की ‘आहे’चं ‘नाही’ केलं, यातलं काहीही ते सांगत नाही.

मी एक साधी चाचणी करून पाहिली. ‘भेट ६ वाजता’ असं लिहिलं, मग ६ चे ५ केले, मग ५ चे साडेपाच, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून पाहिलं. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटं बदल करता येतो. वेळेशेजारी एडिट केल्याची खूण येते, पण समोरच्याला फक्त साडेपाच दिसतात, आधीचं काही उघडता येत नाही. सिग्नलवर त्याच खुणेवर बोट ठेवलं तर तिन्ही मजकूर एकाखाली एक उभे. तिथे मुदत २४ तासांची आहे आणि एक मेसेज जास्तीत जास्त १० वेळा बदलता येतो. टेलिग्रामवर साध्या गटात ४८ तासांपर्यंत बदल चालतो आणि सदस्यांना जुना मजकूर दिसत नाही. मात्र मोठ्या गटांत ॲडमिनसाठी ‘Recent actions’ नावाची नोंद असते, तिच्यात ४८ तासांपर्यंत बदलाआधीचा मजकूरही वाचता येतो. म्हणजे ‘कोणालाच दिसत नाही’ असं म्हणण्याआधी गट कोण चालवतं ते पाहावं.

फेसबुक या बाबतीत सगळ्यांत उघडं. कमेंटवरच्या ‘Edited’वर दाबलं की आधीचे सगळे पाठ तारीख-वेळेसह येतात. पोस्टला तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘View edit history’ असतं. ज्याला पोस्ट दिसते त्याला हा इतिहासही दिसतो आणि त्यातली एखादी ओळ तेवढी पुसायची सोय नाही. म्हणून चुकून गेलेली खासगी माहिती तिथे एडिट करून जात नाही, पोस्टच काढावी लागते. प्रोग्रॅमर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबवर मात्र हीच गोष्ट वेगळी हाताळली आहे. तिथे ‘edited’ उघडून जुना पाठ इतिहासातून काढता येतो. तो काढला तरी बदल झाला होता, कोणी आणि कधी केला, एवढी नोंद राहते. मला ही मांडणी सगळ्यांत पटली, कारण मजकूर जातो पण काही झालंच नव्हतं असा आव आणता येत नाही.

आणि तिथेही एक फट आहेच. मूळ मजकूर सूचनेच्या ईमेलमधून आधीच लोकांच्या इनबॉक्सात गेलेला असतो. तो परत बोलावता येत नाही. स्क्रीनशॉटचं तर बोलायलाच नको.

उलट बाजूचा अनुभवही आला. काही ठिकाणी पहिल्या काही मिनिटांत केलेल्या बदलाला लेबलच लागत नाही. रेडिटवर ही सवलत साधारण ३ मिनिटांची आहे. प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटवर लिहिल्यापासून ५ मिनिटांच्या आत त्याच माणसानं केलेले बदल मूळ पाठातच मिसळून जातात, पण त्यानंतरचा प्रत्येक पाठ मात्र कोणालाही वाचता येतो. कल्पना चांगली आहे. पोस्ट टाकल्या टाकल्या शुद्धलेखनाची चूक दिसते, ती सुधारण्याचा कलंक कशाला? पण भांडणात ही तीन मिनिटं पुष्कळ असतात. कोणी चिडून लिहितो, समोरचा उत्तर टाइप करत असतो, तेवढ्यात पहिला आपलं वाक्य सौम्य करतो. मग उत्तर देणाराच उगाच तापट ठरतो. लेबल नाही म्हणजे मजकूर कधी बदललाच नाही, असं मी आता धरत नाही. कुणाच्या मजकुराला उत्तर द्यायचं असेल तर त्यातलं वाक्य माझ्या उत्तरातच उतरवून घेतो.

वेळेचा घोळ मात्र मी स्वतः घातला. आमच्या वाचनगटाचा कार्यक्रम सहाला होता, हॉल पाचलाच मिळाला. मी गटातल्या जुन्या मेसेजमध्ये ६ चे ५ केले आणि काम झालं असं समजलो. चौघं जण सहालाच आले. सकाळी त्यांनी ‘६’ वाचून अंगठाही दिला होता, आणि आता तो अंगठा ‘५’ खाली दिसत होता. बदल झाल्याची सूचना कोणाच्या फोनवर वाजलीच नाही. त्यातल्या एकीनं तर माझ्यासमोर फोन उघडला आणि स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेतली, “मी सहा वाचले होते ना?” जुना पाठ दिसत नव्हता, त्यामुळे तिला दाखवायलाही माझ्याकडे काही नव्हतं. फक्त वेळेशेजारची ती बारीक खूण.

आता माझी वाटणी अशी झाली आहे. शुद्धलेखन आणि तुटलेली लिंक मी निमूट एडिट करतो. वेळ, जागा, रक्कम किंवा कुणाचं नाव बदलत असेल तर जुन्या मेसेजला हात लावत नाही. त्यालाच रिप्लाय करून नवा मेसेज टाकतो, म्हणजे फोन वाजतो. जिथे जुन्याच पोस्टमध्ये बदल करणं भाग आहे तिथे चुकलेला भाग पुसत नाही, त्यावर रेघ मारतो. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना `~` हे चिन्ह दिलं की रेघ येते:

```
~६ वाजता~ ५ वाजता (बदल, सकाळी ११)
```

थोडं विद्रूप दिसतं, मान्य. पण आधी काय होतं ते लोकांना माझ्या मजकुरातच दिसतं, ॲपनं इतिहास ठेवला असो वा नसो.

नवीन ठिकाणी काही लिहायचं झालं तर आधी बिनमहत्त्वाची एक ओळ टाकतो, पाच मिनिटं थांबून ती बदलतो आणि दुसऱ्या खात्यावरून लेबल दाबून बघतो. स्वतःच्या खात्यावरून बघून भागत नाही, लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वेगळं दिसू शकतं. ज्या ओळखीच्याचा नंबर गेला होता, त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ते ठीक आहे, पण माझा नंबर पुन्हा टाकू नकोस.” त्याचे कॉल बंद व्हायला दोन आठवडे लागले होते.