सोबत जायचंच आहे, तर अमेरिका की जर्मनी?

जोडीदाराला दोन्हीकडून बोलावणं असेल, तर पगाराची बेरीज-वजाबाकी घरात झालीच असेल. मी सांगतोय ते चाकणची डिझाइनची नोकरी सोडून बायकोबरोबर आधी अमेरिकेत, मग इकडे जर्मनीत आलेला नवरा म्हणून.

अमेरिकेत मी एच-फोरवर होतो, म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. बायकोचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला की ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येतो, हा २०१५ पासूनचा नियम. पण आय-१४०च्या आधी पर्म हे कामगार खात्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि दोन्ही कंपनीच्या मर्जीवर. तोवर काम करता येत नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नसला की स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मिळणं अवघड. मी बायकोच्या खात्यावरचं जादा कार्ड वापरायचो.

मला नडला तो ओटीपी. ऑनलाइन काही घेतलं की तो तिच्या फोनवर, आणि ती मीटिंगमध्ये. ती पाठवायची, मागोमाग सहज विचारायची, ‘काय घेतलंस?’ तिच्या मनात खरंच काही नसायचं. तरी मी हळूहळू कारण आधीच लिहायला लागलो: ‘ओटीपी दे, ट्रिमर बिघडलाय.’ तिच्या वाढदिवसाची भेटसुद्धा तिच्याच ओटीपीवर! पैशांवरून आम्ही कधी भांडलो नाही. भांडलो ते एसी किती ठेवायचा यावरून, तेही तासन् तास.

जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कामाची मुभा असते, आणि ती जोडीदाराच्याच परवान्यावर छापलेली असते. पत्ता नोंदवल्यावर टॅक्स आयडी पोस्टाने आला, माझ्या नावाचा. खातं उघडलं, पुण्यातली शिल्लक त्यात आणली. नोकरी मात्र लगेच मिळाली नाही. व्हिसाला भाषेची अट नव्हती, पण माझ्या क्षेत्रातल्या कंपन्या जर्मनची बी-टू पातळी मागतात, आणि तिथवर पोचताना दमछाक होते. तरी घरी बसणं तेव्हा माझ्या जर्मनमुळे होतं, बायकोच्या व्हिसामुळे नाही. त्यामुळे तिच्याशी बोलताना माझा सूर बराच सरळ झाला.

अमेरिकेत माणसं चटकन जोडली जातात, भाषेची अडचण नाही, हे मान्यच. आय-१४० आधीच मंजूर असेल, किंवा कंपनीतल्या कंपनीत बदली होऊन एल-वन व्हिसा मिळणार असेल, तर माझं म्हणणं बरंचसं बाद समजा. एल-वनवाल्याच्या, म्हणजे एल-टू व्हिसावरच्या, जोडीदाराला २०२१च्या अखेरीपासून वेगळ्या ईएडीशिवाय काम करता येतं. नाहीतर मी जर्मनीकडे झुकेन.

फक्त इथे दोघंही कमावते झालात की कर-वर्गाचा प्रश्न येतो. एकाचा पगार बराच जास्त असेल, आणि त्याने तीन नंबरचा वर्ग व दुसऱ्याने पाच नंबरचा घेतला, तर दर महिन्याला घरात जास्त पैसे येतात, पण पाचवाल्याच्या हातात फार थोडे पडतात, आणि बेकारभत्ताही त्याच निव्वळ पगारावर ठरतो. बायकोने ‘तीन-पाच घेऊ का?’ विचारलं होतं. आम्ही दोघांनी चार नंबरचाच ठेवला; एकत्र रिटर्न भरलं की वर्षाचा कर तेवढाच बसतो.